सर्फिंग शिकायला जाताय? आधी महिना ठरवा

मुंबई-पुण्याकडच्या घरांना मोठी सुट्टी वर्षातून तीनदा मिळते: दिवाळी, नाताळ आणि मे. त्यातली मेची सगळ्यात लांब. त्यामुळे मुलांनी किंवा हल्ली आई-बाबांनीच ‘या वर्षी सर्फिंग शिकू या’ म्हटलं, की बेत आपोआप मेवर येतो. शाळा बंद, रजा मंजूर, गोवा ओळखीचा. पण नवशिक्यासाठी आपला पश्चिम किनारा ज्या दिवसांत हळूहळू हाताबाहेर जायला लागतो, ते नेमके हेच दिवस. मंगळूरजवळची ‘इंडियन ओपन ऑफ सर्फिंग’ ही स्पर्धा मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये भरत आली आहे, ती त्या वेळी तिथे स्पर्धेला लायक अशा दांडग्या लाटा असतात म्हणून. स्पर्धकाला जी लाट हवी, ती पहिल्यांदा फळीवर पोट टेकणाऱ्याच्या कामाची नसते.

हे असं का होतं, ते थोडं समजून घेतलं तर पुढची निवड सोपी जाते. आपल्या किनाऱ्यावर सर्फिंगच्या उपयोगाची जी लाट येते, ती बहुधा इथे तयार झालेली नसते. दक्षिण हिंदी महासागरात, अंटार्क्टिकाच्या अलीकडे, वर्षभर वादळं घोंघावत असतात. त्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करत उत्तरेकडे येतात. वाटेत बारीकसारीक खळबळ विरून जाते आणि लांब पल्ल्याच्या, एका लयीत येणाऱ्या लाटा तेवढ्या उरतात. मे ते सप्टेंबर हा तिकडचा हिवाळा, वादळं तेव्हा जोरात, म्हणून लाटाही मोठ्या. त्याच सुमारास आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून थेट किनाऱ्यावर आदळायला लागतात. मोठी लाट आणि वरून तिला विस्कटणारा वारा, असं दुहेरी संकट. एप्रिल-मेमध्ये केरळच्या किनाऱ्यावर वारा नाही, ढग नाही, तरी समुद्र घरांत शिरतो. तिथले मच्छीमार त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. तोही याच दूरच्या लाटांचा प्रताप.

मग आपल्या कोकणात, निदान हिवाळ्यात, का शिकता येत नाही? मुंबईसमोर समुद्रबूड जमीन, म्हणजे भूखंडमंच, सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. इतक्या उथळ तळावरून येताना लाटेची ताकद घासली जाते. त्यात उधाणाच्या दिवशी मुंबईला भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. सकाळी जिथे कमरेएवढं पाणी होतं तिथे दुपारी चिखल. शांत मोसमात शिकण्याजोगी लाट रोज ठरल्या वेळी मिळेल याची खात्री नाही. जसजसं दक्षिणेला जावं तसा हा मंच अरुंद होतो आणि भरतीचा फरकही कमी होतो. गोव्यात बरं, कर्नाटकात मुळकीला आणि केरळात वर्कलाला आणखी बरं. मुळकी तर भारतीय सर्फिंगचं जुनं ठिकाण. शांभवी नदीच्या मुखाशी 2004च्या सुमारास तिथे आश्रमवजा सर्फ क्लब उभा राहिला आणि देशातल्या पहिल्या पिढीचे बरेच सर्फर तिथून निघाले.

पण आठवडाभर सुट्टी असेल आणि खरोखर शिकायचं असेल, तर माझं मत श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामाला. तेही नोव्हेंबर अखेर ते मार्च-एप्रिल एवढ्याच काळात. या किनाऱ्यापासून थेट दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत जमिनीचा तुकडा नाही, त्यामुळे हिवाळ्यातसुद्धा दूरच्या लाटा येत राहतात. वारा मात्र त्या काळात ईशान्येचा, म्हणजे तिथे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. असा वारा लाटेच्या तोंडावर येतो आणि तिला नीट, गुळगुळीत उभी धरतो. त्यात वेलिगामाचा उपसागर चंद्रकोरीसारखा आत वळलेला, तळ वाळूचा. बाहेर माणसाच्या डोक्याएवढी असलेली लाट आत येईपर्यंत कमरेएवढी, कधी गुडघ्याएवढी होते. भरती-ओहोटीचा फरकही जेमतेम अर्धा-पाऊण मीटर, त्यामुळे दिवसाचा वर्ग भरतीच्या वेळेवर फारसा अवलंबून राहत नाही. पाणी कोमट, 27-28 अंशांचं. रबरी सूट लागत नाही, पूर्ण बाह्यांचा लायक्राचा सदरा आणि लेगिंग पुरतं. फळीवर पोट घासून पहिल्याच दिवशी सालटं निघतात, त्यासाठी हा सदरा. उन्हापासून बचाव ही वर मिळालेली भेट.

दिवाळी लवकर आली, म्हणजे ऑक्टोबरात, तर तिकडचा मोसम अजून बसलेला नसतो. दोन मोसमांच्या मधल्या त्या दिवसांत दुपारनंतर विजांसह जोराचा पाऊस रोजचाच. अशा वर्षी गोवा किंवा मुळकी बरी. लाट लहान, पण पाऊस ओसरलेला.

आता समुद्राचा अंदाज. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था भारताच्या किनाऱ्यांसाठी लाटांचे अंदाज रोज प्रसिद्ध करते, आणि खासगी अंदाज सगळ्या जगासाठी मिळतात. त्यात लाटेची उंची बघून लोक थांबतात. उंचीइतकाच महत्त्वाचा असतो दोन लाटांमधला वेळ, सेकंदांत दिलेला. एक मीटर उंची आणि सहा सेकंद म्हणजे जवळपासच्या वाऱ्याने उठवलेली आडवीतिडवी खळबळ. नवशिका उभा राहायच्या आत पुढची लाट त्याला आडवा करते. तीच एक मीटर उंची आणि बारा सेकंद म्हणजे लांबून आलेली लाट, दोन लाटांत श्वास घ्यायला आणि फळी सरळ करायला वेळ. मात्र बारा-चौदा सेकंदांच्या लाटेत ताकद जास्त असते आणि उथळ पाण्यात ती अंदाजातल्या आकड्यापेक्षा उंच उठते, म्हणून अशा दिवशी उपसागराच्या आत राहायचं. आणखी एक: अंदाजातली उंची ही सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. दिवसभरात एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येणारच. मुलांना पाण्यात सोडताना हा हिशेब डोक्यात असावा.

वाऱ्याचं गणित शाळेच्या भूगोलातलंच आहे. रात्री आणि पहाटे मतलई वारे, दिवस चढला की खारे वारे. गोव्यात सकाळी सातला काचेसारखं असलेलं पाणी दुपारी दोनला फेसाळलेलं दिसतं ते यामुळे. म्हणून सर्फिंगचा वर्ग सकाळचाच घ्यावा. गंमत अशी, की जो दुपारचा वारा सर्फिंग बिघडवतो, तोच शिडाच्या होडीला हवा असतो. मुंबई बंदरात आणि मांडव्याकडे ऑक्टोबर ते मे सेलिंगचे वर्ग चालतात, ते या वायव्येच्या वाऱ्यावर. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल, किंवा कुणालाच नाकातोंडात पाणी नको असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी हा पर्याय बघावा. तिथे न शिकणारा माणूसही होडीत बसून सोबत येऊ शकतो. सर्फिंगमध्ये ती सोय नाही, आणि कुटुंबाची सहल बिघडते ती बहुधा याच कारणाने. त्याकडे पुढे येतो.

आधी शिक्षक. कुठल्याही शिकाऊ किनाऱ्यावर फळ्यांचे ढीग आणि ‘लेसन’च्या पाट्या शेजारी शेजारी दिसतात. दरात फरक थोडा, शिकवण्यात प्रचंड. सगळ्यात मोठी फसवणूक ही, की पहिल्याच तासात तुम्ही उभे राहता आणि खूश होता. फळी आठ-नऊ फुटांची, जाड, फोमची. तिच्यावर तुम्ही पालथे. मागे कमरेएवढ्या पाण्यात शिक्षक उभा. लाट आली की तो फळी ढकलतो, ‘उठा’ म्हणून ओरडतो, तुम्ही उठता, फोटो निघतो. यात लाट निवडली त्याने, वेग दिला त्याने, वेळ साधली त्याने. तुम्ही फक्त उठलात. पहिल्या दिवशी हे योग्यच आहे, उठण्याचा सराव असाच होतो. पण चौथ्या दिवशीही तेच चालू असेल, तर तुम्ही शिकत नाही आहात, जत्रेतल्या पाळण्यात बसला आहात.

चांगला वर्ग ओळखायचा कसा? तो वाळूवर सुरू होतो. पहिली वीस-पंचवीस मिनिटं शिक्षक पाण्याकडे बोट दाखवून सांगतो, की लाट कुठे फुटते आहे, पाणी परत कुठून जातं आहे, आज कुठपर्यंत जायचं. मग फळीवर पालथं कुठे झोपायचं: फार पुढे गेलात तर टोक पाण्यात घुसतं, फार मागे राहिलात तर फळी ब्रेक लावल्यासारखी थांबते. मग उठण्याची कृती कोरड्या वाळूवर दहा-बारा वेळा. आणि सगळ्यात आधी पडायचं कसं: पाठीवर किंवा कुशीवर, आडवं, उथळ. सूर कधीही मारायचा नाही. वर येताना दोन्ही हातांनी डोकं झाकायचं, कारण घोट्याला दोरीने बांधलेली तुमचीच फळी ताणून परत येत असते. फळी कधीही आपण आणि येणारी लाट यांच्यामध्ये आडवी धरायची नाही. ती छातीवर आदळते, आणि शिकाऊ वर्गातल्या दुखापतींचं हे नेहमीचं कारण. हे न सांगता कुणी थेट पाण्यात नेत असेल तर पैसे सोडून बाहेर यावं.

पहिले दोन दिवस फुटलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसात, कमरेएवढ्या पाण्यात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिक्षकाने ढकलणं थांबवून तुम्हाला स्वतः हात मारायला लावायला हवं. इथे बहुतेक जण हिरमुसतात, कारण उभं राहणं अचानक बंद होतं. दंड भरून येतात, लाट खालून निसटून जाते. पण शिकणं इथूनच सुरू होतं. आठवड्याच्या शेवटी फेसातली लाट स्वतः पकडून उभं राहता आलं आणि एखादी न फुटलेली, हिरवी लाट शिक्षकाच्या मदतीने मिळाली, तर वर्ग उत्तम झाला असं समजा. यापेक्षा जास्त कबूल करणारी जाहिरात खोटी.

पैसे भरण्याआधी फोनवर मोजके प्रश्न विचारावेत. एका शिक्षकामागे किती शिकाऊ? आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेच्या धड्यात कमाल मर्यादा आठाची आहे. मुलं असतील तर चाराच्या वर मी जाणार नाही. शिक्षकाकडे सर्फिंगच्या प्रमाणपत्राबरोबर जीवरक्षणाचं आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आहे का? पाचही दिवस एकच शिक्षक असेल का? रोज नवा माणूस आला तर प्रत्येक जण पुन्हा पहिल्या धड्यापासून ढकलायला लागतो. आणि शेवटचा, सगळ्यात बोलका प्रश्न: समुद्र वाईट असेल तर वर्ग कोण रद्द करतं, आणि पैशांचं काय? ‘आमच्याकडे कधीच रद्द होत नाही’ हे उत्तर आलं तर फोन ठेवावा. समुद्राला सुट्टी न देणारी शाळा धोक्याची.

आता किनाऱ्यावर उरणाऱ्यांचं. पुण्याचं एक घर धरू: बाबांचा गुडघा अधू, आई आणि नववीतली मुलगी शिकणार, सोबत सत्तरीची आजी. नाताळात सात रात्री. मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच तास, पुढे द्रुतगती मार्गाने वेलिगामा अडीच-तीन तास. मायलेकींचा वर्ग सकाळी सात ते नऊ. तिसरा दिवस सुट्टीचा, कारण खांदे ऐकणार नाहीत. म्हणजे दोघी रोज दोन तास पाण्यात आणि दुपारी गाढ झोपेत. बाबा आणि आजी यांचे बाकीचे तास भरायचे आहेत, हा खरा प्रश्न. सर्फ कॅम्पच्या जाहिरातीत ‘सोबत येणाऱ्यांसाठी योग आणि पोहण्याचा तलाव’ एवढंच असतं.

वेलिगामा इथे मुळकीपेक्षा आणि शिकाऊ लाटांच्या बऱ्याच जागांपेक्षा सरस ठरतं. अर्ध्या-पाऊण तासावर गालचा किल्ला. पोर्तुगीजांनी सुरू केलेला, डचांनी वाढवलेला, 1988 पासून जागतिक वारसा यादीत. तटावर सपाट चालता येतं, आत गल्ल्या, चर्च, मशीद, दुकानं, सावली. आजीची एक अख्खी सकाळ तिथे छान जाते, संध्याकाळ तटावर आणखी छान. कोग्गलाला मार्टिन विक्रमसिंघे या सिंहली लेखकाचं घर आणि लोकजीवनाचं संग्रहालय आहे, झाडीत, शांत. अहंगामाच्या आतल्या बाजूला सखल प्रदेशातले चहाचे मळे. आणि किनाऱ्यालगत धावणारी रेल्वे, जिच्यात नुसतं बसणंही कार्यक्रम होऊ शकतो.

मिरिस्साहून निघणारी देवमाशांची सफर मात्र बाबांसाठी, आजीसाठी नाही. या टोकाला भूखंडमंच फारच अरुंद, खोल पाणी किनाऱ्याजवळ, म्हणून निळे देवमासे इतक्या जवळून जातात. डिसेंबर ते एप्रिल हा त्यांचा मोसम. पण सफर पहाटेची, चार-पाच तासांची, उघड्या समुद्रातली. पोट ढवळतं. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी मोह आवरावा.

शिकाऊंच्या किनाऱ्यावर न शिकणाऱ्यांनी पोहू नये, हे ठळकपणे सांगायला हवं. नाताळात वेलिगामाच्या पाण्यात गर्दी उसळते आणि त्यातल्या बहुतेकांना फळी वळवता येत नाही. नऊ फुटी फोमची फळीही डोक्याला खोक पाडते. दुसरा धोका जास्त फसवा. लाटांना घाबरणारा माणूस जिथे लाटा फुटत नाहीत अशी शांत जागा शोधून पाण्यात उतरतो. दोन्हीकडे फेस आणि मधे गडद, सपाट पट्टा दिसला, की ती पाणी परत समुद्रात ओढणारी वाट असते. शिक्षक सर्फरला हे शिकवतो, किनाऱ्यावरच्या बाबांना कुणी सांगत नाही. तशात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, हात वर करून मदत मागत आडवं, किनाऱ्याला समांतर पोहायचं. डुंबायचंच असेल तर खडकांच्या आडोशाला असलेल्या उनवटुनाला जावं. तिथेही निशाण बघून, जीवरक्षक समोर असेल तिथेच.

राहायची जागा घेताना ‘समुद्रासमोर’ या शब्दांना भुलू नये. वेलिगामात कोलंबो-मातरा रस्ता किनाऱ्याला खेटून जातो, आणि त्यावरच्या बसगाड्यांचा वेग बघून आपल्या एसट्याही सोज्वळ वाटतील. आजी सोबत असेल तर रस्ता ओलांडावा न लागणारी, तळमजल्यावरची खोली मागावी. शाकाहारी असाल तर आणखी एक सावधगिरी. भात, डाळ, भाज्या, नारळाची रोटी, आप्पे सगळीकडे मिळतात, पण खोबऱ्याच्या संबोलात आणि कित्येक भाज्यांत ‘उंबलकड’ म्हणजे वाळवलेला मासा कुटून घातलेला असतो. दिसत नाही. विचारून घ्यावं.

आणि मेच काय ते जमत असेल तर? वेलिगामा तेव्हा बंद धरा. श्रीलंकेच्या पूर्वेला अरुगम बे सुरू होत असतो, पण विमानतळापासून सात-आठ तासांचा रस्ता, मुख्य लाट जाणत्यांची, आणि आजी-बाबांना गाव लगेच संपतं. त्यापेक्षा चेन्नईच्या दक्षिणेचं कोवलम. केरळातलं नव्हे, तमिळनाडूतलं. तिथे मच्छीमार वस्तीतली मुलं शिक्षक झाली आहेत, नैर्ऋत्य मोसमी वारा त्या किनाऱ्यावर जमिनीकडून येतो, आणि न शिकणाऱ्यांना अर्ध्या तासावर महाबलीपुरम आहे. अडचण एकच, ऊन. सकाळी सहाला पाण्यात आणि नऊच्या आत सावलीत, एवढी शिस्त पाळता येणार असेल तरच जावं. दिवाळीत किंवा नाताळात मात्र तिकडे फिरकू नये, ते दिवस ईशान्य मोसमी पावसाचे आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे.

घरात कुणी अजून समुद्रात पोहलेलंच नसेल, तर परदेशाचं तिकीट काढण्याआधी जानेवारीतल्या एखाद्या शनिवार-रविवारी गोव्यात अश्वे किंवा मोरजीला दोन तासांचा एक वर्ग घ्या. लाटा लहान असतील, चालेल. नाकात खारं पाणी गेल्यावर मुलगी पुन्हा फळीकडे जाते का टॉवेलकडे, ते तिथेच कळेल. मगच वेलिगामाचे सात दिवस ठरवा, आणि नाताळाऐवजी फेब्रुवारीत रजा मिळत असेल तर फेब्रुवारीच घ्या: पाऊस सगळ्यात कमी, गर्दी ओसरलेली, देवमासे अजून तिथेच.